दिसले ते दिवे कुठले होते

माझं लहानपण पंचवटीत गेलं, त्यामुळे ओझरच्या विमानतळाभोवतीचा मुलूख मला पाठ आहे, असा मला भरवसा होता. सहवैमानिक म्हणून आपल्याच गावी उतरायची ती पहिली खेप होती. थंडीतली सकाळ, नुकतंच फटफटलं होतं. द्राक्षबागांवर धुकं पसरलेलं. टॉवरने सांगितलेली दृश्यता उतरायला जेमतेम पुरेशी होती.

विमान कॅप्टन चालवत होते. नागपूरचे, मितभाषी. उतरायला सुरुवात करण्यापूर्वीच त्यांनी बजावलं होतं, "निर्णयाच्या उंचीला धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर वर जायचं. चर्चा नाही."

ती उंची म्हणजे जमिनीपासून दोन-अडीचशे फूट. तिथपर्यंत उपकरणांच्या भरवशावर यायचं, पुढे डोळ्यांच्या.

"हंड्रेड अबव्ह," मी म्हणाले. निर्णयाच्या उंचीला शंभर फूट उरले होते. काचेबाहेर नुसता दुधी पडदा. मी काट्यांवरून नजर उचलली, आणि उजवीकडे पिवळट दिव्यांची एक ओळ दिसली. 'दिसले' हा शब्द अगदी ओठांवर आला. मी तो म्हटला असता, तर त्यांनी तिकडे पाहिलं असतं. पण काटे सांगत होते की आपण मध्यरेषेवर आहोत. मग दिवे समोर हवेत, बाजूला कसे?

"मिनिमम," निर्णयाची उंची येताच एवढंच मी म्हणाले.

"गो-अराउंड, फ्लॅप्स," कॅप्टन म्हणाले. म्हणजे उतरणं सोडून वर जायचं.

इंजिनं गरजली. नाक वर उचललं जाईपर्यंत विमान आणखी थोडं खाली बसलं. मी फ्लॅप्स, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा, एक पायरी आत घेतल्या. उंची वाढू लागलेली पाहून "पॉझिटिव्ह क्लाइंब" म्हटलं. "गिअर अप," ते म्हणाले. चाकं आत गेली. टॉवरला कळवून आम्ही ठरलेल्या वाटेने ठरलेल्या उंचीकडे निघालो.

तेवढ्यात मी बाजूच्या काचेतून खाली पाहिलं. सरळ खाली धुक्याचा थर पातळ होता. दिव्यांची ती ओळ हळूहळू पुढे सरकत होती. मुंबई-आग्रा रस्त्यावरचे ट्रक होते ते.

दृश्यता आणखी घसरली. इंधनाचा हिशेब पाहून कॅप्टननी मुंबई गाठायचं ठरवलं.

तिथे उतरताना एक गृहस्थ दाराशी थांबून म्हणाले, "मॅडम, मला खिडकीतून शेतं स्वच्छ दिसत होती. तुम्हाला धावपट्टी कशी दिसली नाही?"

"सरळ खाली पाहिलं की दिसतं, काका. आम्हाला पुढे तिरकं पाहावं लागतं." त्यांना ते फारसं पटलं नाही.

सगळे उतरल्यावर मी कॅप्टनना दिव्यांचं सांगितलं.

ते म्हणाले, "अहवालात लिही. पुढच्या कुणालाही तो रस्ता तसाच दिसेल."

"माझी चूक म्हणून लिहू, सर?"

"जे दिसलं ते लिही."

मी लिहायला बसले तोच बाबांचा फोन आला. ते मला घ्यायला ओझरला येऊन थांबले होते. "आवाज आला गं," ते म्हणाले. "अगदी डोक्यावरून गेला. मग लांब लांब होत गेला. आम्ही सगळे वर बघत राहिलो."

"मुंबईत आहे, बाबा. सुखरूप आहे."

"बरं," ते म्हणाले, आणि फोन लगेच ठेवला नाही.