शेवटच्या बांधीचं प्रकरण

फुलचूरच्या संघदीपच्या प्रबंधातलं तलावाच्या पाणीवाटपावरचं तिसरं प्रकरण नव्वद पानांचं झालं. गाइडनी निम्मं करायला बजावलं. त्यानं प्रत्येक परिच्छेदाचा मुद्दा समासात एका ओळीत लिहिला. सात मुलाखतींपुढं एकच ओळ आली: शेवटच्या बांधीला (भातखाचराला) पाणी पोचत नाही. एक ठेवून सहा खोडल्या. समासातल्या ओळी सलग वाचल्या. धागा तुटला नव्हता. तरी मन खात होतं. खोडलेल्यांत आईही होती.

त्यानं आईला, कलाबाईला, पान वाचून दाखवलं.

"माह्यं काऊन काढलंस?"

"माय, सातही जण तेच सांगून राहिले होते."

"मंग आता वाचनाऱ्याले वाटंल, एकाच्याच बांधीले पानी नाही."

संघदीपनं कपाळाला हात लावला. उरलेल्या मुलाखतीआधी त्यानं एकच वाक्य घातलं: सातही घरं हेच सांगतात.

त्या सातांत आई होती. तिचं नाव मात्र कुठंच नव्हतं.