संगमरवरी जिन्यावर आईची चाल

आई ठणठणीत असणं हे आमच्या घरात सगळ्यांच्याच सोयीचं होतं. ती सोलापूरला, एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर, चार वर्षांपासून एकटी. भाऊ पुण्याला, मी इकडे बेंगळुरूत मारतहळ्ळीला. दर रविवारी आम्ही तिघं फोनवर भेटायचो. भाऊ विचारायचा, "बरी आहेस ना?" आणि आई म्हणायची, "मला काय धाड भरलीय?" एवढं झालं की आम्ही दोघं निश्चिंत मनाने आपापल्या जेवणाला बसायचो.

मग एका रविवारी भाऊ जरा आवाज चढवून म्हणाला, "आई, तू जिन्यात बसलेली दिसलीस म्हणे. खालच्या काकूंनी सांगितलं." आई भडकली. "चप्पल काढायला बसले होते. त्या बाईला दुसरे उद्योग नाहीत." भावाने तिथल्या तिथे फर्मान काढलं, की असं असेल तर ते घर आता बंद करायला हवं, तिने एकटं राहणं पुरे झालं. पण मग तिने राहायचं कुठे, यावर तो काही बोलला नाही. मीही नाही. माझं ठरलेलं वाक्य होतं, "आई, तुला इकडे करमणार नाही गं." ते मी इतक्या प्रेमाने म्हणायचे, की माझा मलाच गहिवर यायचा.

"थांबा," आई म्हणाली. "उद्या जिना चढतानाचा व्हिडिओच पाठवते. बघा आणि मग बोला." म्हणजे आईने त्या घरात राहायचं की नाही, हे आता एका व्हिडिओवर ठरणार होतं.

सोमवारी तो आला. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हाताने कठडा, आणि तोंडाने अखंड निवेदन. "ही बघ कुंडी, जास्वंदीला कळ्या आल्यात. हे विजेचे मीटर, कुणी झाकण लावत नाही मेलं. हा बघ रंग, आत्ताच दिला आणि लगेच पोपडे." असं करत करत बाई तिसऱ्या मजल्यावर पोचल्या, दार उघडलं आणि म्हणाल्या, "झालं समाधान?" भावाने ग्रुपवर अंगठा पाठवला. मी दोन अंगठे पाठवले, मुलगी ना मी! विषय संपला.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. व्हाइटफील्डच्या एका कंपनीत मी चाचणी करते. चाचणी म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या गोष्टीत चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. लग्नानंतर हे काम मी घरी फुकट करत होते, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. आमची कंपनी जे बनवते ते असं: तुम्ही एक नमुन्याचा व्हिडिओ द्यायचा आणि सोबत एका वेगळ्याच दृश्याचं वर्णन लिहायचं. यंत्र नमुन्यातल्या वस्तू, माणसं, आवाज सगळं सोडून देतं आणि फक्त कॅमेरा कसा हलला तेवढं उचलतं. कुठल्या क्षणी तो कुठे होता, किती वळला, कधी खाली झुकला, एवढंच. आणि मग तुमच्या वर्णनातलं दृश्य बनवताना कॅमेरा अगदी तसाच फिरवतं. म्हणजे तुम्ही भाजी मंडईत फिरलात आणि वर्णन चंद्राचं लिहिलंत, तर चंद्रावरसुद्धा मेथीच्या जुडीपाशी वाकल्यासारखा कॅमेरा वाकतो.

त्या आठवड्यात आम्हाला हातात धरून काढलेले, अगदी साध्या माणसाचे व्हिडिओ हवे होते. ऑफिसमधले सगळे नमुने गुळगुळीत, कॅमेरा सरकत्या गाड्यावर बसवून काढलेले. साहेब म्हणाले, घरचे आणा. माझ्याकडे घरचा ताजा माल होताच. आईला फोन करून विचारलं, तर म्हणाली, "ने की. माझं काय जातंय?" तळमजल्यापासून वर चढतानाचा छोटा तुकडा मी कापून घेतला आणि दृश्य लिहिलं: राजवाड्यातला पांढरा संगमरवरी जिना, दोन्ही बाजूंना उंच पितळी समया, वरून येणारं सकाळचं ऊन. मनात म्हटलं, चला, आईला राजवाडा तरी घडवू. खऱ्यात काही घडवणं आपल्याला जमलेलं नाही.

पहिल्या खेपेला काय व्हावं? राजवाड्याच्या भिंतीवर विजेचा मीटर! झाकण नसलेला. नमुन्यातली वस्तू अशी नव्या दृश्यात झिरपली, तर तो यंत्राचा दोष. मी तो पकडला म्हणून टीममध्ये कौतुक झालं आणि मी दिवसभर ताठ मानेने फिरले. काय नजर आहे बाईची!

यंत्राची दुरुस्ती झाली, मीटर गेला. दुसऱ्या खेपेला जिना स्वच्छ. पण कॅमेरा धड चढेना. चार-पाच पायऱ्या चढला की थांबायचा, उजवीकडे भिंतीकडे झुकायचा, मग खाली वाकून पायरीकडे बघत बसायचा. पुन्हा चार पायऱ्या, पुन्हा तेच. एवढा सुंदर जिना, एवढ्या समया, आणि हा आपला पायरीकडे बघत उभा. मी वैतागले. वर्णनात वाढवून लिहिलं की कॅमेरा न थांबता सरळ चढत जातो. तरी थांबला. साहजिकच होतं, हालचालीच्या बाबतीत यंत्राने नमुन्याचं ऐकायचं, लिहिलेल्याचं नाही, असंच आम्ही त्याला बनवलं होतं. पण मी तेव्हा हट्टाला पेटले होते. दोषांच्या यादीत ठणकावून नोंद केली: "हालचाल मध्येच अडकते. अनैसर्गिक वाटते. कुणीही माणूस असा जिना चढत नाही."

हे शेवटचं वाक्य मी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ते यंत्र बनवणारी मुलगी माझ्या टेबलाशी आली. इथलीच, कन्नड घरातली, फार हुशार, आणि मला अक्का म्हणते. तिच्या आवाजात आपलं बाळ निर्दोष सुटल्याचा आनंद होता. "अक्का, स्वल्प इकडे बघा," ती म्हणाली (स्वल्प म्हणजे जरा), आणि पुढचं सगळं आमच्या नेहमीच्या हिंदीत. तिने पडद्यावर दोन रेघा काढल्या. निळी रेघ म्हणजे आईच्या व्हिडिओतल्या कॅमेऱ्याचा मार्ग. लाल रेघ म्हणजे राजवाड्यातल्या कॅमेऱ्याचा. एकावर एक ठेवल्या तर जवळजवळ एकच रेघ. जिथे लाल थांबत होती तिथे निळीही थांबलेली. जिथे लाल उजवीकडे कलत होती तिथे निळीही.

"यंत्र बरोबर आहे," ती म्हणाली. "तुमच्या व्हिडिओतच कॅमेरा थांबतोय."

"ते माहितीये गं," मी म्हटलं. "आई वस्तू दाखवतेय. कुंडी, मीटर, रंग."

"पाचव्या पायरीवर कुंडी आहे?"

मी तिच्याच लॅपटॉपवर मूळ व्हिडिओ लावला. तिला मराठी येत नाही, म्हणून तिने आवाज बंदच ठेवला होता. मीही तो तसाच पाहिला, पहिल्यांदा. आवाज असताना तो एक गप्पिष्ट बाईचा जिना होता. आवाज गेल्यावर त्यात एक बाई होती, जी पाच पायऱ्या चढून भिंतीला खांदा टेकते, हातातला मोबाइल सावरायची ताकद राहत नाही म्हणून तो खाली झुकतो, आणि मग बराच वेळ एक पायरी नुसती दिसत राहते. कुंडी होती, पण वर, वळणावर. आई पाचव्या पायरीवर टेकून उभी असतानाच तिच्याबद्दल बोलत होती. प्रत्येक थांब्याला एक वाक्य. दम लागल्याचं कळू नये म्हणून वाक्यंसुद्धा किती आखूड!

"उजवा गुडघा दुखतो का त्यांचा?" त्या मुलीने विचारलं. सोलापूर कुठे आहे हेही तिला नीट माहीत नव्हतं. दोन रेघांवरून तिला जे दिसलं ते मला पंचेचाळीस वर्षांत दिसलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर आधी राग आला, तिचा. मग मी नोंद काढून टाकली.

कँटीनच्या मागे एक कोपरा आहे, तिथे जाऊन आईला फोन लावला.

"काय गं, आज काय रविवार आहे?"

"आई, पाचव्या पायरीवर काय दाखवत होतीस?"

"कुठल्या?"

"व्हिडिओत. प्रत्येक पाचव्या पायरीवर. तिथे दाखवण्यासारखं काही नाहीये."

फोनमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता.

"दिसलं होय तुला?" ती म्हणाली.

"मग 'ठणठणीत आहे' म्हणून का सांगतेस? केव्हापासून होतंय हे? डॉक्टरकडे गेलीस? आणि वर ऐटीत व्हिडिओ पाठवतेस!" मी चिडले होते. रडायला आलं की मी चिडते, हे तिच्याकडूनच आलंय.

"अगं, थांबलेलं सगळं कापून टाकता येतं," आई म्हणाली. "समोरच्या बाईने मला शिकवलंय मोबाइलवर. सगळं कापलं होतं मी. एकदम हरणासारखी चढत होते. ते पाठवणार होते."

"मग?"

"मग नाही पाठवलं. म्हटलं, तोंडाने सांगायचं नाही, मानी आहोत आपण. पण बघितलं कुणी तर बघू दे."

माझ्या दोन अंगठ्यांची आठवण झाली. मग मी तेच केलं जे आम्ही चार वर्षं करत आलो होतो, मुद्द्याला बगल दिली. आमच्या सोसायटीबद्दल सांगायला लागले. लिफ्ट आहे, खाली बाग आहे, कोपऱ्यावर हॉस्पिटल आहे, पोळ्यांना बाई येते, दोन-चार मराठी कुटुंबंही आहेत.

"लिफ्ट आहे, बाग आहे, सगळं ऐकलंय," आई म्हणाली. "करमणार नाही, हेही ऐकलंय. 'ये' असं मात्र तुमच्यापैकी कुणी म्हणालेलं नाही. मी मोजत नव्हते, पण एकदाही नाही."

कँटीनमधून कुणीतरी मला चहासाठी हाक मारत होतं. मी पाठ फिरवली, भिंतीला टेकले आणि म्हणाले, "ये."

"काय?"

"आई, ये इकडे. माझ्याकडे. शनिवारी मी येतेय तुला न्यायला."

"तिकडे मला करमेल का गं?" आई म्हणाली, आणि मी माझं ठरलेलं वाक्य गिळून शनिवारचं तिकीट काढायला घेतलं.