‘अ’ वर्गातली एक फाईल

निवृत्त झाल्यावर मी नवा लॅपटॉप घेतला. जुन्या दोन हार्ड डिस्क आणि तीन बंद पडत आलेले फोन यांतलं सगळं त्यात हलवायचं होतं. ह्यांनी बजावलं, "आधी यादी कर. सरसकट कॉपी केलंस तर कचराही येईल."

जुन्नरच्या घरी आठवडाभर मी यादी करत बसले. कुठल्या डिस्कवर, कसली फाईल, किती, आणि किती महत्त्वाची. पुन्हा मिळणार नाही ते ‘अ’, दुसरीकडून मिळेल ते ‘ब’, टाकायचं ते ‘क’. सेवापुस्तकाचं स्कॅन ‘अ’ला गेलं, सरकारी परिपत्रकं ‘ब’ला. सकाळच्या शुभेच्छांची चित्रं तर हजारांवर निघाली, ती सगळी ‘क’.

सर्वांत जुन्या फोनमध्ये आवाजाच्या फायली होत्या. नावं नुसते आकडे, त्यामुळे एकेक ऐकावी लागली. एका फाईलमध्ये आहुपे गावातल्या एक मावशी देवराईतली झाडं सांगत होत्या. मी तिथं शिक्षिका असताना मुलांसाठी ते रेकॉर्ड केलं होतं. मी लगेच ‘अ’ लिहिलं.

पुढं एका औषधी वेलीचा विषय निघाला. मावशी थांबल्या, म्हणाल्या, "बाई, आता ते बंद करा. ह्ये बाहेर सांगायचं नसतं." माझा आवाज आला, "हो, केलं." आणि रेकॉर्डिंग पुढं चालूच राहिलं. ती वेल कुठं आहे, कशी काढायची, सगळं त्यात होतं.

मला काहीच आठवेना. बटण नीट दाबलं गेलं नसेल, की मी मुद्दामच दाबलं नसेल? मी ह्यांना ऐकवलं.

"काढून टाक," हे म्हणाले.

"सगळं? झाडांची नावं पुन्हा मिळतील?"

"मग त्यांनाच विचार."

रविवारी लॅपटॉप, तो फोन आणि दोन्ही डिस्क घेऊन आम्ही आहुप्याला गेलो. मावशी थकल्या होत्या, पण कान शाबूत होते. ओसरीवर बसून मी खरं काय ते सांगितलं आणि फाईल लावली. स्वतःचा आवाज ऐकून त्यांना हसू फुटलं. वेलीपाशी आल्यावर त्यांनी हात वर केला. मी बंद केलं.

"कुनाला दिलं व्हतं?"

"कुणालाच नाही. माझ्याकडंच पडून होतं."

मला त्यांच्याकडं पाहवेना.

"झाडांचं ठेवा. आमच्या सुनंला बी द्या, तिला लई नावं ठावं न्हाईत. म्होरलं पुसा."

तिथंच लॅपटॉपवर मी पुढचा भाग कापला आणि उरलेला वेगळा जपला. मूळ फाईल फोनमधून पुसली. तिची एक प्रत डिस्कवरच्या बॅकअपमध्ये निघाली, तीही काढली. यादी केली नसती तर ती प्रत मला सापडलीच नसती. झाडांचा भाग सूनबाईंच्या फोनवर पाठवला. त्यांनी तो चुलीपाशी उभ्यानंच ऐकला आणि दोन नावं मावशींना पुन्हा विचारली.

घरी येऊन उरलेल्या फायली ऐकायला घेतल्या. आता प्रत्येकीपुढं मी आणखी एक रकाना आखला होता: हे कुणाचं आहे.