दाखल्याऐवजी गेलेला सत्कार

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या मुख्याध्यापक सरांचे. तेव्हा ते नुसते मराठीचे शिक्षक होते. दहावीनंतर वडील मला दुकानात बसवायला निघाले होते, तर सर घरी आले, चहा घेतला नाही, आणि कॉलेजचा फॉर्म माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "भर." आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेला मी पहिला. आज परळच्या एका ऑफिसात बसून पत्रांचे मसुदे करतो, त्याचा पगार घेतो, हे सगळं त्या एका शब्दातून निघालं.

म्हणूनच लालबागच्या आमच्या चाळीत शेजारच्या ताईंनी मला अर्ज लिहायला सांगितला तेव्हा मला आनंद झाला. अर्ज त्याच सरांना जायचा होता.

ताई एका सरकारी रुग्णालयात वॉर्डात कामाला आहेत. त्यांचं माहेर आमच्याच तालुक्यातलं. कोरोनात त्यांची ड्यूटी लागली तेव्हा मुलीला आजीकडे पाठवलं आणि माझ्या शब्दावर तिला सरांच्या शाळेत पाचवीत घातलं. आठवी झाली आणि मे महिन्यात आजी पडली, कंबरेचं हाड मोडलं. ताईंनी आजीला इकडे आणलं. मागोमाग मुलगीही आली, कारण तिकडे घर बंद. इथल्या शाळेने नववीत जागा दिली, पण जुन्या शाळेचा दाखला महिनाअखेरपर्यंत हवा, नाहीतर जागा पुढच्याला. शाळा सुरू झाली होती. मुलगी आजीला औषध देत घरी बसून होती.

ताई प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या आणि गॅलरीतल्या स्टुलावर बसल्या.

"लिहा भाऊ. शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे."

"पाचवीत कधी घातलं?"

"आमच्या वॉर्डात पहिली लस दिली ना, त्याच्यानंतरच्या जूनला. आणि हां, तिला तिथे विज्ञानाचं बक्षीस मिळालं होतं."

"ते नको. रजिस्टर नंबर?"

"गुणपत्रकावर असेल. सरांनी तिला स्वतःचं पुस्तक दिलं होतं वाचायला, ते परत केलंय, ग्रंथालयाचंही केलंय. आईला रिक्षात घालून दवाखान्यात पण सरांनीच नेलं. त्यांची शाळा खरंच चांगली आहे हो. जात, धर्म रजिस्टरला आहे तेच येऊ दे, पुढे सगळी सर्टिफिकेटं त्याच्यावर निघतात."

पिशवीतून गुणपत्रक, आधार, जन्मदाखला, ग्रंथालयाची पावती आणि इथल्या शाळेचं मागणीपत्र निघालं. त्यात आजीचा एक्स-रेही होता. मी सगळं लावून घेतलं. माहिती क्रमाने आली, तारखा जुळल्या. मग मी लिहायला बसलो आणि माझ्यातला विद्यार्थी जागा झाला.

पत्र तीन पानांचं झालं. पहिल्या पानावर शाळेने ग्रामीण मुलांसाठी काय केलं ते होतं. दुसऱ्यावर सरांची निःस्वार्थ वृत्ती आणि रिक्षाचा प्रसंग. "अपरिहार्य कौटुंबिक कारणास्तव" दाखला मिळावा ही विनंती तिसऱ्या पानाच्या तळाशी, 'कळावे'च्या वर बसली होती. ताईंनी सही केली. वाचायला दिलं तर म्हणाल्या, "तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार." मी ते स्पीड पोस्टाने पाठवलं.

पाच दिवसांनी सरांचा ताईंना फोन आला. पत्र त्यांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेला वाचून दाखवलं होतं. नंतर सूचना फलकावर लावलं. मुलीचं नाव नववीच्या हजेरीत घेतलंय, आजी नाही तर मुलींच्या वसतिगृहात सोय करतो, चिंता करू नका, असं म्हणाले. ताई प्रत्येक वाक्याला "हो सर" म्हणाल्या.

फोन ठेवून त्या माझ्या दारात आल्या.

"भाऊ, मी दाखला मागितला होता. तुम्ही सत्कार केलात."

"शेवटी विनंती होती ना ताई."

"तिसऱ्या पानावर. आमच्या वॉर्डात पेशंटचं नाव तिसऱ्या पानावर लिहिलं तर पेशंट मरेल."

मी सरांना स्पीकरवर फोन लावला. मनात होतं की त्यांच्याकडून वाचताना राहून गेलं असेल.

"पत्र तुझंच ना?" सर म्हणाले. "पहिल्या ओळीला ओळखलं. बाई इतकं लांब बोलत नाहीत."

"सर, तो दाखला..."

"वाचलं की. सगळं वाचलं." मग म्हणाले, "हे बघ, नववीचा पट काठावर आहे. दोन मुलं आधीच गेली. ही गेली तर एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. नवा पोरगा आहे, गणिताचा, चांगला शिकवतो. तू त्यांना समजाव. त्या तुझं ऐकतात. आणि शाळा इतकी चांगली असताना काढायची कशाला, हे तर तूच लिहिलंयस."

मी "हो सर" म्हणालो. इतकी वर्षं त्यांना दुसरं काही म्हणालोच नव्हतो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आता ताईंनी आणि मी, दोघांनीही मुलीला वसतिगृहात टाकायला होकार दिला होता.

ताई गॅलरीतच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"समजवा," त्या म्हणाल्या.

आत मुलगी आजीची उशी सारखी करत होती. तिने बाहेर बघितलं नाही, पण हात थांबवून ती ऐकत होती. सरांच्या गणिताच्या शिक्षकासाठी तिने आईपासून आणखी दोन वर्षं लांब राहायचं, हे मी कोणत्या भाषेत मांडणार होतो? मसुदे करणं हे माझं काम आहे. हा मसुदा मला जमला नसता.

"इथल्या शाळेने ऑनलाइन मागणी टाकलीय," मी म्हणालो. "सरांनी ती तिकडून मंजूर केली की नोंद इकडे येईल. दाखला ते अडवून धरू शकत नाहीत. पुन्हा अर्ज करू."

"करू. पण आता मी सांगते तेवढंच लिहायचं."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. दोनदा माझा हात विशेषणाकडे गेला आणि दोनदा त्यांनी विचारलं, "हे मी बोलले का?" शेवटी त्या म्हणाल्या, "खाली तुम्ही पण सही करा. नाहीतर सर म्हणतील, बाईचे कान कुणीतरी भरले."

ती सही करायला मला पत्रापेक्षा जास्त वेळ लागला. हे ते पत्र.

"प्रति, मा. मुख्याध्यापक.
विषय: शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत.

महोदय,
माझी मुलगी आपल्या शाळेत इयत्ता पाचवी ते आठवी शिकली. तिचे नाव व रजिस्टर क्रमांक सोबतच्या गुणपत्रकाच्या प्रतीवर आहे. माझी आई आजारी असल्याने मी तिला मुंबईला आणले आहे. गावी घर बंद आहे. मुलगी आता माझ्याजवळ राहून नववी शिकणार आहे. तिला वसतिगृहात ठेवायचे नाही.

तरी तिचा दाखला द्यावा व नव्या शाळेची ऑनलाइन मागणी मंजूर करावी. दाखल्यावरील नाव, जात व जन्मतारीख आपल्या रजिस्टरप्रमाणेच असावी. ग्रंथालयाचे पुस्तक परत केले आहे, पावती जोडली आहे. नव्या शाळेचे मागणीपत्रही जोडले आहे. महिनाअखेरपर्यंत दाखला न मिळाल्यास तिची जागा जाईल.

आधीच्या पत्रात शाळेबद्दल लिहिले ते खरे आहे. पण मी दाखलाच मागितला होता.

आपली विश्वासू,
विद्यार्थिनीची आई

वरील मजकूर त्यांनी सांगितल्याप्रमाणे लिहिला आहे आणि मला तो मान्य आहे. फोनवर मी 'हो' म्हणालो, ते मागे घेतो.
लिहून देणार,
आपला विद्यार्थी"