भिक्षावळीतलं भिंग

“त्याला काय कळतंय, आठ वर्षांचा तर आहे,” आई फोनवर कुणाला तरी सांगत होती. “तुम्ही आपलं चांदीचंच बघा. पुढे कामाला येतं.”

मी आतल्या खोलीत पत्रिकांवर पत्ते लिहीत होते. मुंज माझ्या भावाच्या मुलाची होती. पत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलं होतं आणि ते वाचून प्रत्येक जण काय आणू, असं विचारायला फोन करत होता. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली होती. घरात रिकामी मीच होते, म्हणून दुसऱ्या दिवसापासून फोन माझ्याकडे आला.

फोन बैठकीच्या खोलीत होता. तिथे बोललेलं सगळ्या घराला ऐकू जायचं. आईने मला नियम समजावून दिले. पहिल्यांदा विचारलं की म्हणायचं, काही नको, तुम्ही या. दुसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, तुमचा आशीर्वाद हवा. तिसऱ्यांदा विचारलं तरच चांदीचं नाव काढायचं, तेही ‘एखादी वाटी वगैरे’ असं. माझी शाळा इंग्रजी, बाहेरची भाषा हिंदी. मराठी घरात ऐकायची जास्त आणि बोलायची कमी. ही तीन वाक्यं मला पाठ करावी लागली. चौथ्याची वेळ कधी येत नसे, ते एक बरं होतं.

आहेर यायला लागले होते. वहिनीच्या नागपूरच्या माहेरून सोन्याची साखळी, एक चांदीचा पेला, दुसरा चांदीचा पेला, सुटाचं कापड. संध्याकाळी घालायची शेरवानी दोन माप मोठी घेतली होती, पुढच्या लग्नसराईत उपयोगी पडेल म्हणून. दादाच्या ऑफिसातल्या एकाने बॅट पाठवली. ती मोठ्या माणसाची होती. उभी केली की मुलाच्या छातीच्या वर यायची. “वाढेल तसा खेळेल,” दादा म्हणाला. मुलाने ती दोन्ही हातांनी एकदा उचलून पाहिली आणि भिंतीला टेकवून ठेवली. नंतर तो तिच्याकडे गेलेला मी पाहिला नाही.

तो दगड गोळा करायचा. तेव्हा आमच्या विजय नगरात अर्धे प्लॉट रिकामे होते. जिथे कुणाचं घर बांधायला काढलेलं असेल, तिथून तो खिसे भरून यायचा. भेडाघाटला गेलो की बाकी मुलं नावेसाठी रडत. हा मूर्ती कोरणाऱ्यांच्या पायाशी पडलेल्या संगमरवराच्या ढलप्या वेचायचा. घरी आला की नळाखाली धरायचा, कारण ओला झाला की दगडाचा रंग दिसतो आणि वाळला की जातो. मग बाबांचं वर्तमानपत्र वाचायचं भिंग हळूच उचलायचा. बाबा पाच मिनिटांत ते परत मागायचे.

मावशी म्हणून, काकू म्हणून, शेजारीण म्हणून जी बाई येई ती त्याचा गाल ओढून विचारायची, “काय पाहिजे रे तुला मुंजीत?” तो म्हणायचा, “कुछ नहीं.” सगळ्यांना ते फार शहाणपणाचं वाटायचं.

सिहोऱ्याच्या काकूचा फोन आला तेव्हा तिने वेगळाच प्रश्न विचारला. “पोराला आवडतं काय, ते सांग न. चांदी काय, कपाटातच जाऊन राहिली.” मला उत्तर माहीत होतं. समोर आई गव्हले वळत बसली होती. मी म्हटलं, “काही नको काकू, तुम्ही या.”

त्याच आठवड्यात मी मुलाला घेऊन कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या एका दुकानात गेले. तो सोबत हवाच होता, कारण हाताचं माप महत्त्वाचं होतं. दुकानदाराने आधी घडीचं छोटं भिंग दाखवलं, दहा पटीचं. ते डोळ्याला अगदी चिकटवून आणि दगड बोटभर अंतरावर स्थिर धरावा लागतो. मुलाचा हात हलत होता, त्याला नुसतंच धुकं दिसत होतं. मग चार पटीचं घेतलं, खऱ्या काचेचं, मूठ जाड. त्याने खिशातून एक ढलपी काढली आणि तिच्यावर ते धरलं. ढलपी उजेडाकडे फिरवली. मग म्हणाला, “आत्या, इसके अंदर चमक रहा है.” दुकानदाराने पाहिलं, मी पाहिलं. खरंच चमकत होतं.

शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानातून नट-बोल्ट ठेवायचा खणांचा एक डबाही घेतला. अठरा खण, झाकण पारदर्शक. परत येताना त्याने दोनदा विचारलं, “मुंज के दिन पक्का?” मी म्हटलं, पक्का. बायका रांगेने भिक्षा घालतात, त्यात मी हेच घालेन. कपाटात माझ्या साड्यांखाली मी ते ठेवून दिलं. कुणाला सांगितलं नाही.

पंधरा दिवस आधीपासून गुरुजी संध्याकाळी यायला लागले. मराठी मुंजी लावणारे गुरुजी गावात मोजकेच, त्यामुळे मुहूर्त आधी त्यांना विचारून मग नक्की केला होता. ते मुलाला आचमन शिकवायचे, पळीतलं पाणी तळहातावर किती घ्यायचं ते दाखवायचे. गायत्री मात्र शिकवली नाही. ती त्या दिवशी, वरून शालू पांघरून, कानातच सांगायची असते. भिक्षा मागण्याची तालीम त्यांनी करून घेतली. काखेत दंड, गळ्यात झोळी, आणि ‘भवति भिक्षां देहि’. मुलगा ‘देहि’ फार जोरात म्हणायचा.

“आता ऐक,” गुरुजी म्हणाले. “भिक्षा कुणासाठी मागायची? स्वतःसाठी नाही. झोळीत जे पडेल ते आणून गुरूपुढे ठेवायचं. ब्रह्मचाऱ्याचं स्वतःचं काही नसतं.”

“काहीच नाही?”

“काही नाही. सोडमुंज होईपर्यंत काही नाही. मग मामा कपडे देतो, जोडे देतो, छत्री देतो.”

“सब कुछ गुरुजी को?”

“सब कुछ,” गुरुजी हसून म्हणाले आणि चहाचा कप उचलला.

मी दारात उभी राहून हे ऐकत होते आणि ऐकूनही मला काही कळलं नाही. हे सगळं विधीपुरतं असतं हे मला माहीत होतं. गुरुजी तांदूळ आणि दक्षिणा घेतात, बाकीचं घरातच राहतं, सगळ्यांनाच माहीत असतं. मुलाला ते कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर त्याने भिंगाचं नाव काढलं नाही. एकदा स्वयंपाकघरात मी लाडू वळत होते, तेव्हा येऊन उभा राहिला.

“आत्या, तू भी लाइन में खड़ी होगी?”

“हो.”

“सबसे पहले?”

“नाही. आधी तुझी आई, मग आजी, मग मामी. मग मी.”

“अच्छा,” म्हणाला आणि गेला. डोकं भादरणार म्हणून तो घाबरला असेल, असं मला वाटलं. वहिनीला मी तसं सांगितलंही.

मुंजीच्या दिवशी तो डोकं भादरताना रडला नाही. त्याआधी वहिनीच्या ताटात जेवला. सोबत आठ मुलं बसवायची असतात, मुंज झालेली. आम्हाला पाचच मिळाली, म्हणून शेजारची तीन मुलं बसवली, त्यांतला एक गुजराती होता. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट गेला, शालूखाली गायत्री सांगून झाली. मग लंगोटी, कमरेला मुंज गवताची मेखला आणि काखेत पळसाचा दंड, असा तो हॉलच्या मधोमध उभा राहिला. डोकं इतकं लहान असेल असं मला वाटलं नव्हतं.

भिक्षावळ सुरू झाली. वहिनीने ओंजळीने तांदूळ घातले, तिचे डोळे भरून आले. आईने चांदीची वाटी घातली. मामीने आणखी एक. माझ्या ताटात तांदूळ होते, दोन लाडू होते आणि कागदात गुंडाळलेलं भिंग. डबा मोठा, म्हणून तो घरीच ठेवला होता. मुलगा माझ्यासमोर आला आणि ‘भवति’ म्हणून थांबला. त्याने ताटाकडे पाहिलं. मग झोळीचं तोंड मुठीत घट्ट धरलं.

“आत्या, वो मत डालो,” तो हळूच म्हणाला. “गुरुजी ले लेंगे.”

असं का म्हणतोस, ते मी त्याला विचारणार होते, पण माझ्या मागे रांग थांबली होती.

“काय झालं?” आई म्हणाली. “घे न रे. झोळी उघड.”

त्याने मान हलवली.

“काहून नाही म्हणून राहिला?” सिहोऱ्याची काकू मागून वाकून पाहत होती. “आतापासूनच माल पारखून राहिला का? मुंजा आहे की दुकानदार?” बायका हसल्या. कुणी तरी म्हणालं, आत्याने कमी आणलं असेल. पुन्हा हसल्या. व्हिडिओवाला दिवा आमच्याकडे वळवून म्हणाला, “दीदी, एक बार फिर से. भैया, झोली खोलो.”

मुलाचे कान लाल झाले होते. केस नसल्यामुळे ते फार दिसत होते. रडला नाही, पण मूठही सोडली नाही. दादा पुढे आला आणि त्याच्या मनगटाला धरून म्हणाला, “सगळ्यांसमोर हे काय? सोड.”

“टाक गं तू,” आई मला म्हणाली. “त्याला काय कळतंय!”

तेव्हा मला ती संध्याकाळ आठवली, चहाचा कप आणि ‘सब कुछ’. मी गुरुजींकडे पाहिलं. ते पाटावर बसून पुढचं सामान लावत होते, समोर माईक सुरूच होता. मी ताट घेऊन दोन पावलं त्यांच्याकडे गेले. बोलायला लागले तेव्हा माझाच आवाज मला हॉलच्या दोन्ही टोकांकडून ऐकू आला, तरी मी थांबले नाही.

“गुरुजी, त्याला कळतंय. झोळीत पडेल ते सगळं गुरूचं, असं तुम्हीच त्याला सांगितलंत, आणि तो ते खरं धरून बसलाय. तांदूळ आणि लाडू मी झोळीत टाकते. हे भिंग त्याचं आहे, ते मी माझ्याजवळ ठेवते, आणि संध्याकाळी सोडमुंज झाली की त्याच्या हातात देते. चालेल ना?”