स्पॅममध्ये पडलेला रिपोर्ट

आमच्या लॅबचे रिपोर्ट आधी एसटीने जायचे. गोंदियाहून सालेकशाकडे निघालेल्या गाडीच्या कंडक्टरकडे पाकिटं द्यायची आणि तिकडे दवाखान्याचा माणूस स्टँडवर येऊन ती घ्यायचा. रक्तात गडबड असली की पाकीट त्याच गाडीने निघायचं. नॉर्मल रिपोर्ट मागाहून, एकगठ्ठा. त्यामुळे तिकडच्या डॉक्टरांच्या अंगवळणी पडलं होतं : रिपोर्ट आला नाही म्हणजे काळजी नाही.

मग मालकांनी मेल आणला. सही-शिक्क्याचा रिपोर्ट स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवला की प्रोग्राम तो आपोआप डॉक्टरांना पाठवायचा. कॉम्प्युटर माझ्याकडे होता. डॉक्टरांची सवय मात्र तीच राहिली, आणि हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही.

माझी मोठी बहीण सालेकशाजवळच्या खेड्यात, आठव्या महिन्यात होती. एका दुपारी तिचा फोन आला.

"ताप उतरून नाही राहिला वं. पण रिपोर्ट आला नाही, म्हंजे सगळं बराबर हाय म्हणते डॉक्टर."

"रक्त कधी दिलंस?"

"झाले ना चार दिवस. तू कायले भेतेस?"

भीत नव्हते, तोवर. तिचं रक्त आमच्याच लॅबला आलं होतं, पण रिपोर्ट मी नावं न वाचता गठ्ठ्याने स्कॅन करायचे. तिचा रिपोर्ट उघडला. रक्त गोठायला लागणाऱ्या पेशी, प्लेटलेट, इतक्या कमी होत्या की तो आकडा मी बोट ठेवून पुन्हा वाचला. मालक शांतपणे म्हणाले, "मेल तो गया है. सेंट फोल्डर में दिख रहा है." त्या सेंटला काय जाळायचंय, असं तोंडावर आलं होतं.

बहिणीला गाडी करून गोंदियाला निघायला सांगितलं आणि तिच्या डॉक्टरांना फोन लावला. इनबॉक्समध्ये काही नव्हतं. "स्पॅममध्ये बघा," मी म्हटलं. पलीकडे बराच वेळ फक्त माउसचा आवाज.

"अहो, इथं तर तुमचे ढीगभर मेल पडले आहेत."

बहिणीचा सापडला, पण त्यांच्या रडक्या इंटरनेटवर त्याची फाइल उतरेना. शेवटी आकडा मीच वाचून दाखवला. ते एवढंच म्हणाले, "लगेच हलवा."

ती येईपर्यंत मी सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी उभी होते. प्रत्येक जीपकडे धावत होते आणि प्रत्येक जीप दुसऱ्याचीच निघत होती. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नाही. ती उतरली तेव्हा हिरड्यांतून रक्त येत होतं आणि तरी मलाच म्हणाली, "जेवलीस का?"

प्लेटलेट चढवल्या. ती वाचली. पोटातली पोरगीही वाचली.

दुसऱ्या दिवशी होस्टिंगवाल्याला लॅबमध्ये बोलावून बसवला. मेल निघत होते त्याच्या सर्व्हरवरून, पण पाठवणाऱ्याच्या जागी मालकांचा जुना, फुकटचा पत्ता होता. "डॉक्टर लोग यही पहचानते हैं," हा त्यांचा हट्ट. डॉक्टर ओळखत असतील, पण ते फुकटच्या मेलवाले ज्या सर्व्हरांना आपलं म्हणत होते त्यात आमचा सर्व्हर नव्हता. नाव एकाचं, पाठवणारा दुसरा, म्हणून घेणाऱ्याकडची तपासणी मेल स्पॅममध्ये ढकलत होती. त्यात रंगीत लेटरहेडचं स्कॅन, एकेक फाइल कितीतरी एमबीची.

आम्ही पाठवणारा पत्ता लॅबच्या स्वतःच्या डोमेनचा केला. आमचे मेल या सर्व्हरवरून येतात, अशी नोंद डोमेनच्या सेटिंगमध्ये घातली आणि प्रत्येक मेलवर डोमेनची डिजिटल सही चढवली. स्कॅन बंद केलं. प्रोग्रामच थेट पीडीएफ काढू लागला, फाइल थोड्या केबींवर आली. डॉक्टरांना फोन करून जुने मेल 'स्पॅम नाही' करायला आणि नवा पत्ता जपून ठेवायला सांगितलं. घातक आकडा असला तर मेल गेला तरी फोन करायचाच, हेही ठरलं. संध्याकाळी बहिणीच्या डॉक्टरांकडे चाचणीचा मेल सरळ इनबॉक्समध्ये पडला आणि तिथल्या तिथे उघडला. मालकांनी पेढे मागवले.

मी पेढा तसाच ठेवला. बहिणीला मी होते. त्या ढिगातल्या बाकीच्यांना कोण होतं?

आम्ही तिथे स्पॅममध्ये पडलेले रिपोर्ट आमच्या कॉम्प्युटरवरून एकेक काढून पेशंटना फोन लावायला बसलो. बहुतेक बरे होते, काही तर हसले. मग एका बाईचा रिपोर्ट आला. बहिणीसारखाच ताप, जवळजवळ तोच आकडा, तारीख मात्र बरीच आधीची. फोन तिच्या नवऱ्याने उचलला. मी घाईघाईने लॅबचं नाव सांगितलं, रिपोर्ट आला आहे, त्यांना लगेच घेऊन या म्हणाले.



"आता कायले पाठवून राहिले?" त्याने विचारलं आणि फोन ठेवला.