तिसऱ्या मजल्याच्या विटा

लखनऊला बदली झाली तेव्हा नवऱ्याला रेल्वेचं क्वार्टर मिळालं आणि मला रिकामे दिवस. रिकामं बसणं मला जमत नाही. नाशिकला सहा वर्षं मी इमारतींची एस्टिमेटं केली होती. महिनाभरात निशातगंजमध्ये, पंख्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात तेच काम मिळवलं. नकाशावरून लांबी, रुंदी, उंची घ्यायची, गुणाकार करायचे, वीट किती, काँक्रीट किती ते काढायचं. हातात स्केल आणि कॅल्क्युलेटर. दुसरं काही लागत नसे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या सरांनी, म्हणजे ऑफिसच्या मालकांनी, एक महागडा कॉम्प्युटर घेतला आणि तो चालवायला दिल्लीहून एक तरुण आर्किटेक्ट आणला. पडद्यावर नकाशा काढणं आम्हाला नवं नव्हतं. हा मात्र अख्खी इमारतच काढायचा. त्याच्या भिंतीला जाडी होती, उंची होती, ती विटेची की काँक्रीटची हेही तिला ठाऊक होतं. खिडकी बसवली की भिंतीत भोक पडे आणि तेवढी वीट आपोआप वजा होई.

‘‘मैडम, आपका चार दिन का काम, एक घंटे में,’’ तो म्हणाला.

‘‘अच्छा? तो बाकी तीन दिन तुम मेरी जगह सब्जी ले आना,’’ मी म्हटलं.

तो हसला. पोरगा वाईट नव्हता. माझी अर्धी मराठी, अर्धी हिंदी त्याला लवकरच कळू लागली.

पहिलं खरं काम आलं ते छावणीतल्या एका ट्रस्टचं. खेड्यापाड्यांतून शिकायला येणाऱ्या जवानांच्या मुलींसाठी हॉस्टेल. ट्रस्टचे सेक्रेटरी निवृत्त कर्नल होते, मूळचे साताऱ्याचे. मी मराठी आहे हे कळल्यापासून ते मला ताई म्हणत आणि सरांशी बोलायच्या गोष्टीही माझ्याशीच बोलत. देणगीदाराने रकमेची मर्यादा घालून दिली होती. त्या मर्यादेत दोन मजले बसतात की तीन, हे ट्रस्टची कमिटी ठरवणार होती, आणि ती वर्षातून एकदा बसे. आमचा ढोबळ अंदाज तिच्यासमोर दुपारी चार वाजता ठेवायचा होता.

बैठकीच्या दिवशी कर्नलसाहेब सकाळी दहालाच हजर झाले. खिशात अर्जांची यादी.

‘‘तिसऱ्या मजल्यावर बारा खोल्या, चोवीस मुली,’’ ते म्हणाले. ‘‘मजला गेला तर चोवीस जणींना नाही म्हणून कळवायचं. ती पत्रं मीच लिहिणार, ताई. दुसरं कोण लिहितंय?’’

तरुण आर्किटेक्टने बटण दाबलं. पडद्यावर यादी तयार होऊ लागली. यूपीएस मधूनमधून कण्हत होता, कारण निशातगंजची वीज त्या महिन्यात पाहुण्यासारखी येत-जात असे. मी एका जागी उभी राहू शकत नव्हते. खिडकीपाशी जाऊन आले, पाणी प्याले, परत आले. दुसऱ्याने काढलेल्या आकड्यांची वाट बघायची मला सवय नव्हती.

आधी मजल्यांची क्षेत्रफळं आली. ती मी आदल्या दिवशी हाताने काढून ठेवली होती. अर्ध्या चौरस मीटरचाही फरक नव्हता. सर खूश.

‘‘देखा? एरिया सही है, तो बाकी भी सही होगा.’’

मग विटेचं घनफळ, काँक्रीटचं घनफळ, गिलाव्याचं क्षेत्रफळ. सरांनी दर लावले, पायासाठीची ठरावीक टक्केवारी मिळवली आणि बेरीज केली. मर्यादेच्या थोडीशी वर. थोडीशीच, पण वर.

कर्नलसाहेबांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. ‘‘दोनच मजले, मग,’’ ते म्हणाले.

मला तो विटेचा आकडा टोचत होता. हाताने एस्टिमेट करणाऱ्याला एक सवय लागते. अमुक इतक्या क्षेत्रफळाच्या इमारतीला साधारण अमुक इतकी वीट, हे बोटांना माहीत असतं. ही वीट जास्त होती. किती जास्त ते सांगता येत नव्हतं, पण जास्त होती.

‘‘एका भिंतीचं घनफळ काढ,’’ मी आर्किटेक्टला म्हटलं. ‘‘एकच. जिसमें दरवाज़ा-खिड़की कुछ न हो.’’

त्याने दोन खोल्यांमधली, दोन खांबांमधली चार मीटरची भिंत निवडली. मशीनने घनफळ दिलं: तीन पूर्णांक तीन घनमीटर. मी कागदावर काढलं: दोन पूर्णांक बासष्ट.

‘‘भिंतीची जाडी काय धरलीस?’’

‘‘टू फिफ्टी एमएम.’’

‘‘वीट किती जाड?’’

‘‘टू थर्टी... बाकी प्लास्टर.’’ तो थांबला. ‘‘मैडम, ड्रॉइंग में तो सब टू फिफ्टी ही दिखाते हैं.’’

दाखवतात, खरं आहे. नकाशावर गिलाव्यासकट जाडी दाखवली तर कुणाचं काही बिघडत नाही, कारण वीट मोजणारा माणूस दोनशे तीस धरूनच मोजतो. मशीनला ते कुणी सांगितलं नव्हतं. तिने दोन्ही बाजूंचा गिलावाही वीट म्हणूनच मोजला, आणि मग गिलाव्याच्या क्षेत्रफळात तोच पुन्हा धरला.

‘‘और ऊँचाई?’’

‘‘थ्री पॉइंट थ्री. फ्लोर टू फ्लोर.’’

‘‘आणि बीम कुठे गेला?’’

भिंतीच्या डोक्यावर पंचेचाळीस सेंटिमीटरचा काँक्रीटचा बीम होता. मॉडेलमध्ये तो होताच, पण भिंत त्याच्या आरपार वरच्या मजल्यापर्यंत गेली होती. म्हणजे बीमची जागा एकदा काँक्रीटमध्ये आणि एकदा विटेत. पडद्यावर सगळं सुबक दिसत होतं. एकाच जागी दोन वस्तू उभ्या असल्या तर पडद्याला त्याचं काही वाटत नाही.

तो लाल झाला. त्याला बोलायची ती वेळ नव्हती. साडेअकरा झाले होते.

त्याने सगळ्या भिंती एकदम निवडल्या, जाडी दोनशे तीस केली, उंची दोन मीटर पंच्याऐंशी केली. तेवढ्यात वीज गेली आणि यूपीएस टिटवीसारखा ओरडू लागला. ‘‘सेव कर, सेव कर,’’ मी त्याच्या डोक्याशी उभी राहून म्हणत होते, जणू त्याला ते कळत नव्हतं. वीज आली ती पाऊण तासाने. तोवर सरांनी तीन पानं खाल्ली आणि मी जिना चार वेळा चढले-उतरले. कर्नलसाहेब एका जागी ताठ बसून होते. फौजेत त्यांना वाट बघायला शिकवलं असावं.

नवी यादी आली. वीट कमी झाली होती, पण माझ्या हिशेबाइतकी नाही.

‘‘इमारत दाखव. बाहेरून.’’

त्याने ती फिरवून दाखवली. गच्चीवर चौथा मजला उगवला होता. एक मीटरचा कठडाही ‘सगळ्या भिंतीं’मध्येच निवडला गेला होता आणि तोही दोन मीटर पंच्याऐंशी झाला होता.

‘‘हा किल्ला कुणासाठी?’’ कर्नलसाहेबांनी विचारलं. सकाळपासून पहिल्यांदाच सगळे हसले.

कठडा खाली आणला. पुन्हा यादी, पुन्हा दर, पुन्हा बेरीज. या वेळी मर्यादेच्या आत. सरांनी टाळी वाजवली. ‘‘प्रिंट निकालो! मैडम जी, आपने तो कमाल कर दिया.’’ कर्नलसाहेबांनी अर्जांची यादी खिशातून काढून टेबलावर ठेवली.

मी मात्र पुन्हा त्या फिरणाऱ्या इमारतीकडे बघत होते. ती अगदी सपाट जमिनीवर उभी होती. जोतंच नव्हतं. तळमजल्याची फरशी बाहेरच्या जमिनीपासून साठ सेंटिमीटर वर येणार होती, आणि त्या साठ सेंटिमीटरमधली वीट आणि आतली मातीची भर मॉडेलमध्ये कुठेच नव्हती. सरांची पायाची टक्केवारी जमिनीखालच्या कामापुरती होती. जे काढलेलंच नाही ते मशीन मोजणार कशी?

तोंड बंद ठेवणं सोपं होतं. ढोबळ अंदाजात एवढं इकडेतिकडे चालतं, असं सर नंतर म्हणालेच. मी तरीही बोलले. हातात आलेला मजला काढून घ्यायला मलाही आवडलं नाही. पण अर्धं बांधून पैसे संपलेल्या इमारती मी नाशिकला पाहिल्या होत्या. त्यांच्या खांबांतून वर आलेल्या सळया वर्षानुवर्षं गंजत उभ्या असत.

जोतं मी हाताने मोजलं आणि मिळवलं. आकडा पुन्हा मर्यादेच्या वर.

‘‘ताई, तुम्ही माझ्या बाजूच्या आहात ना?’’ कर्नलसाहेब म्हणाले.

‘‘आहे, म्हणूनच.’’

सर वैतागले. ‘‘मैडम जी, चार बजे मीटिंग है. अब क्या करें?’’

मी त्या चार मीटरच्या भिंतीकडे बघितलं. इमारतीचा भार बीम आणि खांबांवर होता. दोन खोल्यांमधल्या भिंतीवर काहीच टेकलेलं नव्हतं. तिला नऊ इंची असायचं कारणच नव्हतं. साडेचार इंची, अर्ध्या विटेची भिंत पुरे होती.

‘‘बीच की दीवारें एक सौ पंद्रह कर दो,’’ मी म्हटलं. ‘‘बाहेरच्या तशाच. जिन्याच्या तशाच. एकेक करून निवड, सगळ्या एकदम नको.’’

दोन वाजून गेले होते. तो एकेक भिंत निवडत होता आणि मी नकाशावर पेन्सिलने खूण करत होते. एकही सुटू नये आणि एकही जास्तीची येऊ नये. अर्ध्या विटेची भिंत घनफळात धरत नाहीत, क्षेत्रफळात धरतात, म्हणून तिची यादी वेगळी काढायला लावली. मला तेव्हा एक गोष्ट कबूल करावी लागली. हाच बदल मी हाताने केला असता तर सगळी मापं पुन्हा घेण्यात दोन दिवस गेले असते. त्याने पाऊण तासात तीन मजले बदलले.

कर्नलसाहेबांनी एकच प्रश्न विचारला. ‘‘पलीकडचं ऐकू येईल?’’

‘‘येईल.’’

‘‘बराकीत तर भिंतीच नसतात. चालेल.’’

बेरीज जोत्यासकट मर्यादेच्या आत बसली. फार नाही, पण बसली. सव्वातीनला कर्नलसाहेब प्रिंट घेऊन जिना उतरले आणि त्यांची फियाट छावणीच्या दिशेने निघून गेली. तीन मजले मंजूर झाल्याचं दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं.

त्यानंतर आर्किटेक्ट प्रत्येक मॉडेलमधली एक भिंत आधी माझ्याकडे आणायचा. ‘‘मैडम, टेस्ट वॉल.’’ मी कागदावर काढायचे, तो मशीनवर. दोन्ही जुळल्याशिवाय पुढची यादी काढायची नाही, असा आमचा नियमच झाला.

हॉस्टेल बांधून झाल्यावर एकदा कर्नलसाहेबांनी बोलावलं म्हणून गेले. वॉर्डनबाईंनी तिसऱ्या मजल्यावरची एक खोली उघडून दाखवली. दोन खाटा, दोन टेबलं, दोरीवर ओले दुपट्टे. पलीकडच्या खोलीत एक मुलगी मोठ्याने पाढे म्हणत होती. सतराचा पाढा, आणि सतरा सातेला दर वेळी अडखळत होती.

‘‘दीवारें बहुत पतली हैं, मैडम,’’ वॉर्डनबाई तक्रारीच्या सुरात म्हणाल्या. ‘‘पता नहीं किसने बनवाईं.’’

‘‘मैंने,’’ मी म्हटलं, आणि भिंतीवर बोटाने टकटक करून पलीकडे ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, ‘‘एक सौ उन्नीस.’’